तक्त्यातल्या आडव्या रेघेचा अर्थ

जुन्या जिल्हा गॅझेटियरमध्ये किंवा महसूल खात्याच्या अहवालात तालुकावार पावसाचा एखादा तक्ता सापडतो. ग्रंथालयातून पुस्तक बाहेर नेता येत नाही, म्हणून मोबाइलने फोटो काढला जातो. घरी आल्यावर चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या ओसीआरच्या सोयीने त्या फोटोतले आकडे स्प्रेडशीटमध्ये उतरतात आणि काही मिनिटांत ओळी-रकान्यांचा स्वच्छ तक्ता समोर येतो. त्यातला हा स्वच्छपणा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. फोटोत शाई फुटलेला ८ फुटलेलाच दिसतो, त्यामुळे वाचणारा तिथे थबकतो. स्प्रेडशीटमध्ये तोच आकडा ३ होऊन बसला, तर तो शेजारच्या आकड्यांइतकाच ठळक आणि ठाम दिसतो. शंका घ्यायला जागाच उरत नाही.

म्हणून असा तक्ता दुसऱ्याच्या हाती देताना त्याबरोबर दोन कागद द्यावे लागतात. पहिला म्हणजे डेटा डिक्शनरी. कुठल्या रकान्यात काय आहे, कुठल्या एककात आहे आणि रिकामी चौकट म्हणजे काय, हे तिच्यात लिहिलेले असते. दुसरा कागद गृहीतकांच्या टिपेचा. चित्रात जिथे स्पष्ट उत्तर नव्हते तिथे उतरवणाऱ्याने काय ठरवले आणि कशाच्या आधारावर ठरवले, हे ती टीप सांगते. हे दोन्ही कागद ज्याच्यापाशी मूळ चित्र नाही आणि आपल्याला विचारायचीही सोय नाही, अशा वाचकासाठी लिहायचे असतात. दहा वर्षांनी ही फाइल उघडणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवला, की काय लिहायचे ते आपोआप सुचत जाते.

हे काम कसे चालते ते एका छोट्या तक्त्यावर पाहू. आकडे मी समजावण्यासाठी रचले आहेत, म्हणून तालुक्यांनाही क, ख, ग एवढीच नावे दिली आहेत. मांडणी मात्र जुन्या छापील तक्त्यांसारखीच आहे. दशमान पद्धत येण्यापूर्वी आपल्याकडे पाऊस इंच आणि सेंटमध्ये मोजत. सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. तक्त्यात प्रत्येक महिन्याखाली इंचांचा एक आणि सेंटांचा एक असे दोन अरुंद रकाने असत. इथे जागेसाठी ते एकाच चौकटीत शेजारी-शेजारी लिहिले आहेत.

| तालुका | जून | जुलै | ऑगस्ट | सप्टेंबर | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| क | ६ ४२ | २१ ८ | १४ ३५ | ७ १० | ४८ ९५ |
| ख | ३ १७ | ११ ५६ | ८ ४० | – | २३ १३ |
| ग | ५ ३ | १६ २८ | १० ७४ | ६ ९२ | ३८ ९७ |
| सरासरी | ४ ८७ | १६ ३१ | ११ १६ | ७ ०१ | ३९ ३५ |

पहिला खड्डा क तालुक्याच्या जुलैत आहे. तिथे ‘२१’ आणि ‘८’ असे छापले आहे. उतरवणारा घाईत असेल तर मध्ये दशांशचिन्ह टाकून २१.८ लिहून मोकळा होईल. पण ८ सेंट म्हणजे आठ शतांश इंच, म्हणून खरा आकडा २१.०८ आहे. मिलिमीटरमध्ये पाहिले तर पहिल्या वाचनाने ५५३.७ मिमी पाऊस होतो आणि दुसऱ्याने ५३५.४ मिमी. अठरा मिलिमीटरांहून जास्त पाऊस निव्वळ एका शून्यापायी आकाशातून पडला असे नोंदले जाते.

ही चूक पकडायला छापील बेरीज उपयोगी पडते. क तालुक्याची ओळ २१.८ धरून बेरजेला घेतली तर ४९.६७ येतात, छापलेले मात्र ४८.९५ आहेत. फरक ०.७२ म्हणजे ७२ सेंट. हा फरक ९ आणि ८ यांचा गुणाकार आहे, आणि ते योगायोगाने घडलेले नाही. ८ सेंटांचे ८० सेंट झाले की दहापटीतून एकपट वजा होते आणि आठाच्या नऊपट फरक उरतो. जमाखर्च लिहिणारे लोक हा नियम पूर्वीपासून वापरतात. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी शून्य सरकले असेल किंवा दोन शेजारचे अंक उलटसुलट झाले असतील, असा संशय ते घेतात. आपणही तो घ्यावा. २१.०८ धरून बेरीज केली की ४८.९५ बरोबर जुळतात. इथे आपण अंदाजाच्या पुढे गेलो, कारण चित्रातच पुरावा मिळाला. टिपेत तसेच लिहायचे. ग तालुक्याच्या जूनमधल्या ‘५’ आणि ‘३’ लाही हाच नियम लागतो. तिथला आकडा ५.०३ आहे.

दुसरी अडचण अंक ओळखण्याची. ग तालुक्याच्या जुलैत १६ २८ छापले आहे, पण समजा ओसीआरने ते १६ २३ वाचले. इंग्रजी अंकांत ३ आणि ८ यांचा, तसाच १ आणि ७ यांचा गोंधळ नेहमीचा. देवनागरी छपाईत १ आणि ९ एकमेकांच्या वेशात येतात. स्प्रेडशीटमधल्या ओळीची बेरीज आता ३८.९२ येते आणि छापील ३८.९७ आहे. फरक ५ सेंट. एकटी ओळ एवढेच सांगते की तिच्यात कुठेतरी ५ सेंट हरवले. कुठे हरवले ते रकाना सांगतो. जुलैच्या तीन आकड्यांची सरासरी चुकीच्या वाचनाने १६.२९ येते, छापील १६.३१ आहे. बाकी तिन्ही महिन्यांच्या सरासऱ्या जुळतात. चुकलेली ओळ आणि चुकलेला रकाना जिथे एकमेकांना छेदतात, ती चौकट उघडून चित्राशी पुन्हा ताडायची. ८ च्या जागी ३ वाचला गेला की त्या स्थानावर नेमका पाचाचा फरक पडतो, त्यामुळे संशयित अंकही हाती लागतो.

मात्र बेरजा आणि सरासऱ्या जुळल्या म्हणून सगळे अंक बरोबर आहेत असे होत नाही. एकाच ओळीत एक आकडा पाचने कमी आणि दुसरा पाचने जास्त वाचला गेला, तर ओळीची बेरीज जुळते आणि चूक तशीच राहते. रकान्यांची सरासरी अशा वेळी बहुधा ओरडते, पण नेहमीच नाही. शिवाय जुन्या छापखान्यात खिळे जुळवताना मूळ बेरीजच चुकलेली असू शकते. चित्र मोठे करून पाहिले, सगळे अंक स्वच्छ वाचता आले आणि तरीही बेरीज जुळली नाही, तर हात आवरावा. छापलेले आकडे आहेत तसे ठेवावेत आणि टिपेत लिहावे, “छापील बेरीज घटकांशी जुळत नाही, फरक इतका. अंक स्पष्ट असल्याने बदल केलेला नाही.” बेरीज जुळवण्यासाठी एखादा आकडा गुपचूप फिरवणे हा या कामातला सगळ्यात मोठा गुन्हा आहे असे मी मानतो. तसे केल्यावर तक्ता बाहेरून निर्दोष दिसतो, आणि तो तपासण्याची एकमेव खूण पुसली गेलेली असते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ख तालुक्याच्या सप्टेंबरमध्ये एक आडवी रेघ आहे. ओसीआर तिथे कधी उणे चिन्ह टाकतो, कधी काहीच टाकत नाही. उतरवणाऱ्याला मात्र ठरवावे लागते की सप्टेंबरात पाऊस पडलाच नाही, की पडला पण नोंदवला गेला नाही. पर्जन्यमापक फुटला असेल, कारकून रजेवर असेल, कागद वरच्या कचेरीत पोचला नसेल. पाऊस शून्य असणे आणि पावसाची माहिती नसणे या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती ही फाइल गेली, तर या एका चौकटीवर त्याचा निष्कर्ष उलटू शकतो.

ओळीची बेरीज इथे काहीच मदत करत नाही. ३.१७, ११.५६ आणि ८.४० मिळून २३.१३ होतात आणि छापलेही तेच आहे. रेघ शून्य मानली तरी बेरीज हीच आणि माहितीचा अभाव मानला तरी हीच. पण सरासरीची ओळ बोलते. सप्टेंबरात क चा आकडा ७.१० आणि ग चा ६.९२, दोन्ही मिळून १४.०२. रेघ म्हणजे शून्य असती तर तिघांत भागून सरासरी ४.६७ छापली गेली असती. छापली आहे ७.०१, म्हणजे भागाकार दोनाने झाला आहे. तक्ता तयार करणाऱ्याने ख ला मोजणीतून वगळले होते. त्याच्या लेखी ती रेघ म्हणजे ‘माहिती नाही’ अशीच होती.

इथून आणखी एक गोष्ट निघते आणि ती सहज नजरेतून सुटते. ख तालुक्याचे ‘एकूण’ २३.१३ हे चार महिन्यांचे एकूण नव्हेच. ते जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांचे आहे. क चे ४८.९५ आणि ख चे २३.१३ शेजारी ठेवून “ख मध्ये निम्म्याहून कमी पाऊस” असे कुणी लिहिले, तर ते वाक्य या तक्त्यातून सिद्ध होत नाही. सरासरीच्या ओळीतले ३९.३५ हेही तिन्ही तालुक्यांच्या एकूण आकड्यांची सरासरी नाही. ती काढली तर ३७.०२ येते. छापलेला आकडा चार महिन्यांच्या सरासऱ्यांची बेरीज आहे. हे सगळे टिपेत यायला हवे, कारण स्प्रेडशीट उघडणारा माणूस पहिल्यांदा त्या शेवटच्या रकान्यालाच हात घालतो.

आता प्रत्यक्ष फाइल. महिन्यांचे रकाने आडवे पसरवण्यापेक्षा एका तालुक्याचा एक महिना म्हणजे एक ओळ, अशी मांडणी मला बरी वाटते. आपल्या तक्त्याच्या त्यामुळे बारा ओळी होतात आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्याची स्वतःची खूण ठेवता येते. छापील बेरजा आणि सरासऱ्या याच फाइलमध्ये कोंबू नयेत. नाहीतर पुढे कुणीतरी रकान्याची सरसकट बेरीज करतो आणि पाऊस दुप्पट होतो. त्या वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवल्या की तपासायला हाताशी राहतात. मूळ फाइलच्या तीन ओळी अशा दिसतील:

```
taluka,month,inch_printed,cent_printed,rain_mm,flag
क,7,21,8,535.4,A1
ख,9,–,,,A2
ग,7,16,28,413.5,C1
```

डेटा डिक्शनरीत या प्रत्येक रकान्याबद्दल दोन-तीन पूर्ण वाक्ये लिहायची. `taluka` म्हणजे तालुक्याचे नाव, चित्रात जसे छापले आहे तसेच, जुन्या वर्णलेखनासह. `month` म्हणजे महिन्याचा क्रमांक, ६ ते ९. `inch_printed` आणि `cent_printed` म्हणजे चित्रातले अंक जसेच्या तसे. सेंटांची व्याप्ती ० ते ९९, त्यामुळे कधी १०० किंवा त्याहून मोठा आकडा आला तर तो वाचनदोष समजावा. `rain_mm` हा रकाना चित्रात नाही, तो आपण काढला आहे. म्हणून त्याचे सूत्रही द्यायचे:

```
rain_mm = (inch_printed + cent_printed / 100) * 25.4
```

आणि निकाल एका दशांश स्थळापर्यंत दिला आहे, हेही. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण प्रत्येक महिना वेगळा पूर्णांकित करून केलेली बेरीज आणि एकूण इंचांचे थेट केलेले रूपांतर यांत एखाद्या दशांशाचा फरक पडू शकतो. ते आधीच लिहून ठेवले नाही, तर कुणीतरी ती चूक समजून शोधत बसतो.

छापील आणि काढलेले आकडे शेजारी ठेवण्यावर मी अडून बसतो. नुसता मिलिमीटरांचा रकाना ठेवला, तर २१.८ की २१.०८ हा प्रश्न पुढच्या माणसाला उलगडता येत नाही. छापील अंक सोबत असले तर आपले गृहीतक चुकले असे पुढे कळले तरी सगळा तक्ता मिनिटभरात पुन्हा काढता येतो.

रिकाम्या चौकटीचा नियमही डिक्शनरीतच हवा. काही ठिकाणी माहिती नसल्याची खूण म्हणून -999 सारखा अशक्य आकडा वापरतात. भारतीय हवामान विभागाच्या जाळीबद्ध पर्जन्य-आकड्यांत ही पद्धत आहे आणि तिथे ती स्पष्ट सांगितलेली असते. पण सामान्य वाचकासाठी बनवलेल्या छोट्या स्प्रेडशीटमध्ये मी चौकट रिकामी ठेवणेच पसंत करतो. एक्सेलची सरासरी रिकामी चौकट सोडून देते. -999 मात्र ती निमूटपणे हिशेबात धरते, आणि सप्टेंबरचा पाऊस उणे होऊन बसतो.

शेवटचा रकाना `flag`. तिथली अक्षरे म्हणजे गृहीतकांच्या टिपेकडे जाणारी वाट. A म्हणजे गृहीतक, C म्हणजे ओसीआरची चूक चित्र पाहून सुधारली, U म्हणजे चित्रातच वाचता येत नाही. ही तीन वेगळी ठेवणे महत्त्वाचे, कारण त्यांचा भरवसा वेगवेगळा आहे. C मध्ये चित्र आपल्या बाजूला असते, तर A मध्ये आपण चित्रातून तर्क केलेला असतो. U मध्ये आपल्याकडे काही नसते आणि तिथे आकडा भरायचाच नाही, शेजारच्या तालुक्यावरून अंदाज बांधून तर मुळीच नाही.

टिपेतल्या नोंदी कशा असाव्यात? “काही ठिकाणी किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत” असे वाक्य कुणाच्याच कामाचे नाही. प्रत्येक नोंदीत काय दिसले, काय ठरवले, कशावरून ठरवले आणि ते चुकीचे असेल तर कुठले आकडे बदलतील, हे सगळे यावे. आपल्या तक्त्याच्या तीन नोंदी मी अशा लिहीन:

“A1. सेंटांच्या रकान्यात एकच अंक असल्यास तो शतांश मानला आहे (८ म्हणजे ०.०८ इंच). असे मानल्यावर त्या ओळींच्या छापील बेरजा जुळतात, एरवी जुळत नाहीत. दोन चौकटींना लागू: क जुलै, ग जून.”

“A2. ख, सप्टेंबर: आडवी रेघ. माहिती उपलब्ध नाही असा अर्थ घेतला आहे, शून्य पाऊस असा नाही. छापील सरासरी ७.०१ ही दोनच तालुक्यांची आहे, त्यावरून. म्हणून ख चे छापील एकूण तीन महिन्यांचे समजावे. रेघेचा खुलासा करणारी तळटीप फोटोत नाही.”

“C1. ग, जुलै: ओसीआरचे वाचन १६ २३, चित्रात १६ २८. ओळीची बेरीज आणि जुलैची सरासरी दोन्हींशी जुळते.”

A2 मधले शेवटचे वाक्य मुद्दाम आहे. मोबाइलने फोटो काढताना माणूस चौकट नीट पकडतो आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला खुलासा कापला जातो. तक्त्याच्या डोक्यावरचा मथळाही तसाच जातो, आणि त्यातच आकडे एका वर्षाचे आहेत की कित्येक वर्षांची सरासरी आहेत हे लिहिलेले असते. शक्य असेल तर पान पुन्हा पाहून यावे. नसेल तर फोटो कुठून कुठपर्यंत आहे ते टिपेत लिहावे, म्हणजे पुढच्या माणसाला नेमके कुठे शोधायचे ते कळते.

काही गृहीतके चित्रात दिसत नाहीत, विषयाच्या माहितीतून येतात. पाऊस सकाळी मोजतात आणि आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजण्याच्या तारखेला लावतात. आज हवामान विभागाची वेळ साडेआठची आहे. म्हणजे ३० जूनच्या रात्री कोसळलेला पाऊस १ जुलैच्या नावावर जातो. महिन्याच्या आकड्यांत हे दुरुस्त करता येत नाही आणि करूही नये, फक्त नोंदवावे. नावांचेही तसेच. जुन्या तक्त्यातला ‘कोलाबा’ जिल्हा म्हणजे आजचा रायगड, म्हणून छापील नाव ठेवून आजचे नाव दुसऱ्या रकान्यात द्यावे. पण रत्नागिरीच्या बाबतीत नाव तेच असूनही क्षेत्र बदलले आहे. १९८१ साली त्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला, म्हणून त्याआधीची जिल्ह्याची सरासरी आजच्या रत्नागिरीशी थेट ताडता येत नाही. हे एक वाक्य डिक्शनरीत नसले तर नावाच्या सारखेपणामुळे तुलना हमखास होते.

हे दोन्ही कागद तक्ता पूर्ण झाल्यावर एका बैठकीत लिहायचे ठरवले तर अर्धे निर्णय विसरलेले असतात. पहिली शंका आली त्याच क्षणी A1 लिहायला घ्यावे. फाइल, डिक्शनरी, टीप आणि मूळ फोटो एकाच फोल्डरमध्ये राहावेत आणि प्रत्येकाच्या नावात एकच तारीख असावी. नंतर कुणी मूळ पुस्तकातली तळटीप शोधून काढली आणि ख ची रेघ म्हणजे खरोखर शून्य असे निघाले, तर A2 पुसून टाकू नये. तिच्याखाली नवी तारीख घालून नवा निर्णय लिहावा, चौकटीत ० भरावा आणि जुनी फाइल जुन्या नावानेच ठेवावी. जुन्या फाइलवरून ज्यांनी आधीच काही लिहिले आहे, त्यांना आपला आकडा कुठे आणि का बदलला हे त्यावरूनच समजेल.